अंडी मशीनमध्ये ठेवली, आता पिल्लं नेमकी कधी?

प्रश्न: गुरुवारी 12 मार्चला रात्री 9 वाजता 24 अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवली. आमच्याच कोंबड्यांची आहेत, आठ दिवसांत जमवलेली. काही पांढरी, काही तपकिरी. ट्रे सोडून एकूण वजन 1296 ग्रॅम भरलं. एक जण म्हणतो पिल्लं 1 एप्रिलला निघतील, दुसरा म्हणतो 2 एप्रिलला. खरी तारीख कोणती, आणि मध्ये अंड्याला उजेड लावून आत बघायचं, ते कँडलिंग कधी कधी करायचं? बघायचं तरी काय?

उत्तर: 2 एप्रिल, गुरुवार. तुमच्या पहिल्या मित्रानं अंडी ठेवली तोच दिवस पहिला धरला, म्हणून त्याचं गणित एका दिवसानं चुकलं. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस लागतात, पण ते पूर्ण भरलेले दिवस. 12 तारखेच्या रात्री 9 ला अंड्याचं वय शून्य होतं. 13 तारखेच्या रात्री 9 ला पहिला दिवस भरला. 21 दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, त्यामुळे ज्या वारी अंडी ठेवली त्याच वारी पिल्लं. एवढं लक्षात ठेवलं तर बोटं मोजायची गरज नाही: गुरुवारी ठेवली, त्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी निघणार.

त्याच हिशोबानं 19 मार्चच्या रात्री 7 दिवस भरतील, 26 मार्चच्या रात्री 14, आणि सोमवारी 30 मार्चच्या रात्री 18. कँडलिंगच्या मुख्य वेळा या तीन. मी यात 23 मार्चची एक रात्र आणखी घालतो, अकराव्या दिवसाची. ती का, ते पुढे येईलच. दर वेळी नवी अंडी ठेवत असाल तर संगणकावरच्या तक्त्यात A2 या खान्यात तारीख आणि वेळ लिहा आणि पुढच्या पाच खान्यांत हे टाका:

```
=A2+7
=A2+11
=A2+14
=A2+18
=A2+21
```

खान्यांना तारीख-वेळेचं रूप दिलं की तासासकट उत्तर येतं.

पण ही झाली कॅलेंडरची तारीख. अंड्याला कॅलेंडर कळत नाही, त्याला कळते ती ऊब. आतलं तापमान बरोबर असेल तर दोघांचं जमतं. तापमान अर्ध्या अंशानं कमी राहिलं तर पिल्लं जवळजवळ एक दिवस मागे पडतात, आणि जास्त राहिलं तर वेळेआधी निघतात. कँडलिंग म्हणजे नुसती वाईट अंडी वेचणं असं बरेच जण समजतात. माझ्या मते त्याचा मोठा उपयोग दुसराच आहे: तुमचं मशीन कॅलेंडरच्या पुढे चाललंय की मागे, ते अंड्यातूनच कळतं, आणि तेही दुरुस्तीला वेळ शिल्लक असताना.

पंखा असलेल्या मशीनमध्ये 37.5 अंश सेल्सिअस ठेवायचं. पंखा नसेल तर आतली हवा थरांत राहते, वर गरम आणि खाली थोडी गार. म्हणून तिथं थर्मामीटरचं टोक अंड्याच्या वरच्या पातळीला धरून साधारण 38.5 हवं. मशीनच्या काचेवर जो आकडा दिसतो त्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. ताप मोजायचा साधा डिजिटल थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. कोमट पाण्याच्या भांड्यात तो आणि मशीनसाठी वापरायचा सुटा थर्मामीटर शेजारी शेजारी धरा, दोघांच्या आकड्यांत किती फरक आहे ते कागदावर लिहा आणि तो कागद मशीनला चिकटवा. मग तो सुटा थर्मामीटर अंड्यांमध्ये ठेवून मशीनचा आकडा पडताळा.

तुमची अंडी आठ दिवसांत जमवलेली आहेत, याचाही थोडा परिणाम होईल. ठेवणीतलं अंडं उशिरा निघतं. पहिले काही दिवस सोडले तर पुढच्या दर दिवसामागे साधारण एक तास धरा. म्हणजे आठ दिवस जुनं अंडं आणि कालचं अंडं यांत काही तासांचाच फरक पडेल, घाबरण्यासारखं काही नाही. पण सगळी पिल्लं एका झटक्यात निघतील अशी अपेक्षा ठेवू नका. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात एक दिवस ते दीड दिवस जाणं अगदी नेहमीचं आहे. अगदी छोट्या जातीच्या कोंबड्यांची अंडी असतील तर ती एखादा दिवस आधीही निघतात.

आता उजेडाकडे येऊ. खास यंत्र लागत नाही. प्रखर एलईडी टॉर्च घ्या. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान, साधारण तीन सेंटिमीटरचं गोल भोक पाडा आणि तो टॉर्चच्या तोंडावर बसवा, म्हणजे कडेनं उजेड सांडत नाही. खोलीत पूर्ण अंधार करा. अर्धवट अंधारात तपकिरी अंड्यातलं काहीच दिसत नाही आणि माणूस भलतंच अंडं फेकून देतो. हात धुऊन, कोरडे करून, अंड्याची रुंद बाजू भोकावर टेकवा आणि अंडं हळू फिरवा. एका वेळी सहाच अंडी बाहेर काढा, बाकीची झाकणाखाली राहू द्या. दहा मिनिटांत सहा अंडी सहज होतात. तेवढ्यानं अंडं गारठत नाही. खुडूक कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्यासाठी तेवढा वेळ उठतेच. आदळआपट मात्र नको, आणि टॉर्च एकाच अंड्यावर मिनिटभर धरून बसायचं नाही.

19 मार्च, सातवा दिवस. चांगलं अंडं ओळखायला सोपं. एक गडद ठिपका आणि त्याच्यापासून चहूबाजूंनी पसरलेल्या लाल शिरा, जणू कोळी पाय पसरून बसलाय. नीट पाहिलं तर तो ठिपका हलतो. वरच्या रुंद टोकाला हवेची पोकळी स्वच्छ, उजळ दिसते. फलित न झालेलं अंडं ताज्या अंड्यासारखंच आरपार उजळ असतं, आत फक्त बलकाची फिकी सावली तरंगते. तिसरा प्रकार म्हणजे रक्ताचं कडं: शिरांचं जाळं नाही, त्याऐवजी एक लाल किंवा तपकिरी वर्तुळ, आतला भाग स्वच्छ. जीव धरला होता, पण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास मेला, आणि रक्त कडेला जाऊन साचलं. हे दिसलं की अंडं काढायचं, त्यात शंका ठेवायची नाही.

शंका येते ती तपकिरी अंड्यांबाबत. कवच गडद रंगाचं असलं की सातव्या दिवशी फक्त एक धूसर सावली दिसते, शिरा दिसत नाहीत. अशा अंड्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढा आणि परत ठेवा. शाईचं पेन वापरू नका, कवचाला बारीक छिद्रं असतात. चार दिवसांनी तेच अंडं एकतर स्पष्ट गडद झालेलं असेल किंवा तसंच धूसर. सुरुवातीच्या काळात सातव्या दिवशीच सगळा निकाल लावायच्या घाईत मी बरीच चांगली अंडी फोडून पाहिली आहेत. फोडल्यावर आत हलणारं पिल्लू दिसणं ही फार वाईट गोष्ट असते.

अंडी काढण्याआधी मात्र सगळी 24 एकत्र वजन करा. तुम्ही सुरुवातीचं वजन घेतलंत हे फार चांगलं केलंत, कारण त्यामुळे आता नेमका हिशोब करता येतो. उबवताना अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडतं आणि त्या जागी रुंद टोकाला हवा शिरते. पिल्लू पहिला श्वास याच हवेत घेतं. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते, पिल्लू ओलं, सुजलेलं असतं आणि त्याला आत वळायला जागा नसते. जास्त उडालं तर आतला पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. अठराव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या 11 ते 13 टक्के घट झाली पाहिजे. 12 टक्के धरून चालू.

तुमच्या 1296 ग्रॅमचे 12 टक्के म्हणजे साधारण 155 ग्रॅम. ते 18 दिवसांत विभागले तर रोज साडेआठ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सातव्या दिवशी 60 ग्रॅम कमी होऊन वजन 1236 च्या जवळ यायला हवं. फलित न झालेल्या अंड्यातूनही पाणी उडतच असतं, म्हणून सगळ्यांचं एकत्र वजन चालतं. पण अंडी काढल्यानंतर केलंत तर हिशोब बिघडेल. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे सोडून द्या.

समजा काटा 1255 दाखवतो. म्हणजे सात दिवसांत 41 ग्रॅमच गेले, 60 ऐवजी. मशीन दमट आहे. आता समजा तुम्ही चार अंडी काढलीत आणि 20 राहिली. सरासरी अंडं 54 ग्रॅमचं, म्हणजे या विसांचं मूळ वजन 1080, त्यातून आतापर्यंत गेले साधारण 34. अठराव्या दिवसापर्यंत एकूण 130 जायला हवेत, म्हणजे उरलेल्या 11 दिवसांत 96, रोज पावणेनऊच्या आसपास. आतापर्यंत ही 20 अंडी रोज पाच ग्रॅमच्या आतबाहेर सोडत होती. तेव्हा पाण्याची एक वाटी काढा, हवेची भोकं थोडी जास्त उघडा आणि आर्द्रता 35 ते 40 टक्क्यांवर येऊ द्या. पहिल्या 18 दिवसांत 45 ते 55 टक्के असा जो आकडा सगळे सांगतात तो सुरुवात करायला ठीक आहे, पण घरगुती आर्द्रतामापक दहा टक्क्यांनी सहज खोटं बोलतो. वजनाचा काटा खोटं बोलत नाही. म्हणून दोघांचं पटलं नाही तर मी काट्याचं ऐकतो. उलट सातव्या दिवशीच 1205 भरलं, म्हणजे 90 ग्रॅम गेले, तर मशीन फार कोरडं आहे. तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग वाढवा. वाटी खोल करून फायदा नाही, पसरट करा, कारण वाफ वरच्या पृष्ठभागावरून निघते.

23 मार्च, अकरावा दिवस. ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत, पण तारीख बरोबर चाललीय का हे सांगणारा याच्याइतका चांगला दिवस नाही. गर्भाभोवती शिरांचं जाळं असलेला एक पडदा वाढत असतो. तो कवचाच्या आतल्या बाजूनं पसरत पसरत दहाव्या-अकराव्या दिवशी अंड्याच्या निमुळत्या टोकाला येऊन मिळतो. मग टॉर्च रुंद बाजूला लावून निमुळत्या टोकाकडे पाहिलं तर तिथंही शिरा दिसतात, जाळं बंद झालेलं असतं. टोकाला शिरा नसलेला, उजळ तुकडा शिल्लक असेल तर अंडं मागे आहे. एखाद-दुसऱ्या अंड्यात असं दिसलं तर ते त्या अंड्याचं दुखणं. पण निम्म्याहून जास्त अंड्यांत दिसलं तर दोष तुमच्या तापमानाचा.

माझ्या एका वेळच्या अंड्यांत अगदी असंच झालं होतं. वीस अंडी होती, मशीनवर 37.5 दाखवत होतं, आणि मी निर्धास्त होतो. सातव्या दिवशी शिरांची जाळी जरा लहान वाटली, पण अंडी मोठी असल्यामुळे तसं दिसत असेल असं मनाचं समाधान करून घेतलं. अकराव्या रात्री पाहिलं तर चौदा अंड्यांची निमुळती टोकं उजळ. मग थर्मामीटर पाण्यात धरून पडताळला, तेव्हा मशीनचा आकडा खऱ्यापेक्षा 0.6 अंश जास्त निघाला. म्हणजे दहा-अकरा दिवस आतली ऊब 36.9 च्या आसपासच होती. त्या फरकाइतकं वाढवून खरं 37.5 केलं. एकदम एक अंशानं वाढवून भरपाई करायचा मोह होतो, तो आवरायचा. मागे पडलेलं पिल्लू जास्त उष्णतेनं पुढे येत नाही, मरतं. पुढे काय झालं तर कॅलेंडरनुसार 21 दिवस भरले तेव्हा एकाही अंड्याच्या कवचाला पिल्लाच्या चोचीची टोच नव्हती, पहिली टोच त्यानंतर दहा-बारा तासांनी दिसली, आणि बहुतेक पिल्लं बाविसावा दिवस संपता संपता निघाली. अकराव्या दिवशी न पाहता तसंच चालू ठेवलं असतं तर आणखी उशीर झाला असता, आणि उशिरा निघणारी पिल्लं अशक्त असतात. मुख्य म्हणजे, तारीख मागे जाणार हे मला आधीच माहीत होतं, म्हणून 21 व्या दिवशी मी घाबरून झाकण उघडलं नाही.

प्रश्नचिन्हाची तपकिरी अंडीही याच रात्री निकालात निघतात.

26 मार्च, चौदावा दिवस. आता अंड्याचा मोठा भाग गडद दिसेल. पोकळीच्या खाली शिरा आणि मधूनच एखादी हालचाल, पाय मारल्यासारखी. मेलेल्या अंड्यात शिरा फिक्या पडतात, तुटक दिसतात, आणि गडद भाग अंडं फिरवल्यावर पाण्यासारखा नुसता डुचमळतो, स्वतःहून हलत नाही. या मधल्या आठवड्यात सहसा फार अंडी मरत नाहीत. बहुतेक मरण होतं ते एकतर पहिल्या तीन-चार दिवसांत किंवा अगदी शेवटी, पिल्लू बाहेर यायच्या सुमाराला. त्यामुळे चौदाव्या दिवशी एकदम चार-पाच अंडी मेलेली दिसली तर काहीतरी वेगळं घडलंय: कधीतरी तापमान चढलं, किंवा अंडी नीट फिरवली गेली नाहीत, किंवा एखादं सडकं अंडं आत राहिलं. वास घेऊन बघा. सडलेल्या अंड्याचा वास कवचातूनही येतो, आणि ते आत फुटलं तर सगळ्या ट्रेवर घाण उडते. असं अंडं न हिंदकळवता, कागदात धरून, उचलून थेट बाहेर.

वजन पुन्हा करा. वर समजा म्हणून घेतलेल्या दमट मशीनच्या उदाहरणात तुम्ही दुरुस्ती केली असेल तर विसांचं वजन 985 च्या आसपास यायला हवं. पहिल्यापासून सगळं बरोबर असतं तर 980. म्हणजे फरक जवळजवळ भरून निघालेला असेल.

अंडी फिरवण्याबद्दल एवढंच: मशीन स्वतः फिरवत असेल तर प्रश्न नाही. हातानं फिरवत असाल तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम आकडा, कारण रात्रीची लांब वेळ अंडं रोज एकाच कुशीवर राहायला नको. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवा.

वीज गेली तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तारखेशी त्याचा संबंध आहे म्हणून सांगतो. झाकण उघडू नका, मशीनवर घोंगडी टाका, हवेची भोकं मात्र पूर्ण बंद करू नका. दोन-चार तास वीज गेल्यानं गर्भ सहसा मरत नाही, फक्त थोडा मागे पडतो. दुसऱ्या आठवड्यानंतर पिल्लं स्वतःची थोडी ऊब तयार करतात, त्यामुळे तेव्हा मशीन सावकाश गार होतं. किती तास गेले ते लिहून ठेवा आणि शेवटी तेवढा धीर जास्त धरा. खरा धोका उलट्या बाजूला असतो. तापमान 40 च्या वर काही तास गेलं तर त्यातून थोडीच अंडी वाचतात. मशीन उन्हाच्या खिडकीपाशी ठेवलं असेल तर ते आजच हलवा.

30 मार्च, अठरावा दिवस. शेवटची तपासणी. पोकळी सोडून बाकी सगळं काळं दिसलं पाहिजे. निमुळत्या टोकातून उजेड येत असेल तर ते अंडं एक-दोन दिवस मागे आहे. मेलंय असं समजू नका. हवेच्या पोकळीची कड आता सरळ नसते, एका बाजूला तिरकी झालेली असते आणि पोकळीनं अंड्याचा जवळपास एक तृतीयांश भाग घेतलेला असतो. विसांचं वजन 950 च्या आसपास असलं की अगदी बरोबर; 940 ते 960 मध्ये कुठंही असलं तरी मी समाधानी असतो.

याच रात्री तीन गोष्टी करायच्या. फिरवणं थांबवायचं, कारण पिल्लू आता डोकं पोकळीकडे करून बाहेर यायच्या बेतात असतं. अंडी ट्रेमधून काढून जाळीवर किंवा खडबडीत कापडावर आडवी ठेवायची. गुळगुळीत तळावर पिल्लाचे पाय फाकतात. आणि आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्यायची. इथं पुन्हा वाटी पसरट, किंवा ओला स्पंज. हवेची भोकं पूर्ण उघडी ठेवा, पिल्लांना या काळात सर्वात जास्त हवा लागते. मग झाकण लावा आणि शेवटचं पिल्लू वाळेपर्यंत उघडू नका. पाणी घालायचं असेल तर भोकातून नळीनं.

आता तासांचा अंदाज. 31 मार्चच्या रात्रीपासून 1 एप्रिलपर्यंत पिल्लू चोचीनं आतला पडदा फोडून पोकळीत श्वास घेऊ लागतं. कान लावलात तर चिवचिव ऐकू येईल. कवचावर पहिली टोच बहुतेक 1 एप्रिलच्या दुपारपासून दिसायला लागेल. काही अंड्यांना ती 2 तारखेला दिसेल. टोच दिसली म्हणजे पिल्लू तासाभरात बाहेर येणार असं समजू नका. टोचीपासून बाहेर यायला 12 ते 24 तास जातात आणि मधले बरेच तास काहीच घडत नाही. त्या वेळात पिल्लू झोपलेलं नसतं. कवचाच्या आतल्या शिरांमधलं रक्त आणि पोटाशी असलेला बलक ते आत ओढून घेत असतं. म्हणूनच मदत म्हणून कवच सोलायला गेलं की रक्त येतं. झाकण उघडल्यानं आतली ओल निघून जाते आणि शेजारच्या टोचलेल्या अंड्यातला पडदा सुकतो. एकाला वाचवायला जाऊन दुसरी दोन अडकतात. टोचीनंतर पूर्ण 24 तास गेले, पिल्लाचा आवाज येतोय, पण भोक तेवढंच राहिलंय आणि पडदा पांढरा, चामड्यासारखा दिसतोय, अशा वेळीच मी हात घालतो. तेव्हाही पडद्याला कोमट पाण्याचं ओलं बोट लावतो, आणि रक्ताचा ठिपका दिसला की लगेच थांबतो.

बहुतेक पिल्लं 2 एप्रिलला, काही 3 च्या सकाळपर्यंत. आधी निघालेली पिल्लं उपाशी राहतील म्हणून घाई करू नका. ओढून घेतलेल्या बलकावर ती दोन दिवस आरामात काढतात. अंगावरची लव फुलून कोरडी झाली की एकदाच झाकण उघडून सगळी एकत्र काढा.

उरलेली अंडी 3 एप्रिलला फेकू नका. 4 एप्रिलच्या रात्रीपर्यंत, म्हणजे 23 दिवस भरेपर्यंत, मशीन चालू ठेवा, आणि अकराव्या दिवशी अंडी मागे दिसली असतील तर आणखी एक दिवस. मग ती अंडी पुन्हा उजेडात बघा, आवाज नाही, हालचाल नाही याची खात्री करा, आणि घराबाहेर नेऊन, पोकळीच्या बाजूनं फोडा. पूर्ण वाढलेलं पिल्लू, बलक पोटात घेतलेला, चोच पोकळीत, पण कवच टोचलेलं नाही, आणि आत पाणी साचलेलं असेल तर शेवटपर्यंत मशीन दमट राहिलं. तुमच्या वजनाच्या वहीत ते सातव्या दिवशीच दिसलेलं असेल. पिल्लू लहान, कोरडं, पडदा अंगाला घट्ट चिकटलेला असेल तर ते उलट. बलक अजून बाहेरच लोंबत असेल आणि अंडं काळं असूनही पिल्लू अपुरं असेल तर तापमान कमी होतं. या तिन्हींपैकी जे दिसेल ते, किती अंड्यांत दिसलं त्या आकड्यासकट, 12 मार्चच्या नोंदीखाली लिहा. पुढची अंडी ठेवताना तापमान आणि पाणी किती बदलायचं हे त्यावरूनच ठरवायचं.